विशेषणांनी भरलेले शिफारसपत्र आणि टॉवेलचे वजन : सोलापुरातील एक प्रकरण

## पार्श्वभूमी

सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टेरी टॉवेल कारखान्यात, गुणवत्ता विभागाच्या प्रयोगशाळेत, एक तरुणी तीन वर्षे चाचणी सहायक म्हणून काम करत होती. तिला येथे कु. स. म्हटले आहे. इचलकरंजीतून वस्त्रतंत्रातील पदवी घेऊन ती गावी परतली होती आणि आता युरोपातील एका विद्यापीठाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करत होती. अर्जासोबत दोन शिफारसपत्रे हवी होती, एक महाविद्यालयातील प्राध्यापकांचे आणि दुसरे कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांचे. हे दुसरे पत्र गुणवत्ता व्यवस्थापक श्री. प. यांनी द्यायचे होते.

श्री. प. हे माझे जुने विद्यार्थी. मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे इंग्रजी पत्रव्यवहाराचा कागद अडला की ते अजूनही माझ्याकडे येतात. डिसेंबरमधील एका संध्याकाळी त्यांनी मसुदा दाखवला आणि म्हणाले, "सर, भाषा तेवढी तपासून द्या, उद्या अपलोड करून टाकतो." अंतिम मुदतीला त्या वेळी नऊ दिवस उरले होते. मूळ पत्र इंग्रजीत होते. पुढे दिलेले उतारे त्याचे मराठी रूप आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

## अडचण

मसुद्याचा मुख्य परिच्छेद असा होता :

"कु. स. या अत्यंत मेहनती, प्रामाणिक आणि बुद्धिमान आहेत. त्यांच्याकडे उत्कृष्ट विश्लेषणक्षमता, संवादकौशल्य आणि नेतृत्वगुण आहेत. त्या संघभावनेने काम करतात आणि दिलेली प्रत्येक जबाबदारी वेळेत पूर्ण करतात. त्या कोणत्याही संस्थेसाठी भूषणावह ठरतील, अशी मला खात्री आहे."

भाषेत चूक काढावी असे फारसे काही नव्हते, आणि खरी अडचण तीच होती. नाव झाकून वाचले तर हे पत्र बँकेतील लिपिकाला, रुग्णालयातील परिचारिकेला किंवा नुकत्याच लागलेल्या शिपायाला सारखेच लागू पडले असते. टॉवेल हा शब्द संपूर्ण पत्रात एकदाही आला नव्हता. शेवटून दुसऱ्या वाक्यात उमेदवारासाठी पुरुषवाचक सर्वनाम राहून गेले होते. म्हणजे कोण्या मुलासाठी लिहिलेला नमुना उचलून नाव बदलले होते, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात आले असते.

हा मसुदा कोणी लिहिला, असे विचारल्यावर श्री. प. जरा संकोचून म्हणाले, "तिलाच लिहून आणायला सांगितलं होतं, सर. सगळे तसंच करतात." आपल्याकडे ही पद्धत इतकी रुळलेली आहे की तिच्यात काही चुकते असे कोणाला वाटत नाही, पण मोघम स्तुतीचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते. उमेदवार स्वतःविषयी "मी अमुक गोष्ट शोधून काढली" असे साहेबांच्या तोंडी घालू धजत नाही. तसे लिहिणे तिला उद्धटपणाचे वाटते. मग ती नमुना शोधते, आणि कोणालाही लागू पडतील अशी विशेषणे तेवढी नमुन्यात असतात. दुसरीकडे, ज्याने तिचे काम तीन वर्षे पाहिले त्याला आठवण काढण्याची वेळच येत नाही. पत्रावर सही माहीतगाराची असते, पण त्याला जे माहीत आहे त्यातले काही पत्रात उतरत नाही.

आणखी एक बाब होती. हाच मसुदा पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या एका विद्यापीठाला सही करून पाठवला गेला होता. तो परत घेण्याची सोय त्या पोर्टलवर नव्हती.

## विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय श्री. प. यांच्या मनातला होता : सर्वनाम दुरुस्त करावे, दोन वाक्ये बदलावीत आणि पत्र पाठवावे. यात खोटे काही नव्हते, कारण मुलगी खरोखरच मेहनती होती. पण निवड समितीपुढे असली पत्रे ढिगाने येतात, आणि अशा पत्राचा अर्थ "शिफारस करणाऱ्याला सांगण्यासारखे काही आठवले नाही" असाही लावला जाऊ शकतो. त्यामुळे हा पर्याय निरुपद्रवी नव्हता.

दुसरा पर्याय मीच सुचवून मागे घेतला. कु. स. हिला बोलावून तिच्या कामाची यादी घ्यावी आणि तिच्यावरून पत्र लिहावे, असे मला आधी वाटले. पण तिने काय केले हे तिच्या अर्जात आणि माहितीपत्रकात आलेलेच होते. वरिष्ठाने काय पाहिले, हे तेथे कोठेही नव्हते. तिची यादी घेऊन पत्र लिहिले असते तर ते पुन्हा तिचेच झाले असते, फक्त भाषा माझी.

तिसरा पर्याय असा की श्री. प. यांनी नम्रपणे नकार द्यावा आणि तिने दुसरा शिफारसकर्ता शोधावा. पाहण्यासारखे काही पाहिलेच नसेल तर हाच मार्ग बरा असतो. म्हणून मी आधी एकच प्रश्न विचारला : "ती नसती तर तुमच्या प्रयोगशाळेत कोणती गोष्ट झाली नसती?" ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मे महिन्यातलं वजनाचं प्रकरण मिटलं नसतं." हे उत्तर मिळाल्यावर नकाराचा प्रश्न उरला नाही. पत्र त्यांनीच बोलावे, मी ऐकून टिपावे, आणि प्रत्येक विधान कारखान्याच्या नोंदवहीशी ताडून पाहावे, असे ठरले.

## केलेली कृती

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेत दीड तास बसलो. चाचण्यांच्या नोंदवह्या समोर होत्या. मी विशेषणांची यादी बाजूला ठेवली आणि प्रत्येक विशेषणापुढे "हे कधी दिसले?" एवढेच विचारत गेलो. "उत्कृष्ट विश्लेषणक्षमता" या शब्दांपुढे वजनाचे प्रकरण आले. ते थोडे उलगडून सांगावे लागेल, कारण पत्राचा कणा तेच झाले.

कारखाना ७० बाय १४० सेंटीमीटरचा, दर चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचा टॉवेल बनवत होता. अशा एका टॉवेलचे वजन ४९० ग्रॅम भरायला हवे. खरेदीदाराने अडीच टक्क्यांची सूट दिली होती, म्हणजे साधारण ४७८ ग्रॅमपर्यंत माल चालणार होता. मे महिन्यात मात्र काही लॉट ४७५ ते ४७७ ग्रॅमवर येऊ लागले. वजन कमी म्हणजे टॉवेलवर उभ्या असणाऱ्या सुताच्या फासांमध्ये, लूपमध्ये, सूत कमी, असा सरळ अर्थ काढून विणकाम खात्याला लूपची उंची वाढवायला सांगण्याच्या बेतात श्री. प. होते. तसे केले असते तर सूत जास्त लागले असते आणि पावसाळ्यात तोच टॉवेल वजनाला जड भरला असता.

कु. स. हिने तो निर्णय थांबवण्याची विनंती केली. कापसाचे सूत हवेतील ओलावा धरते आणि सोडते. म्हणून प्रमाणित चाचणीत हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के ठेवून, नमुना त्या हवेत मुरू देऊन मगच वजन करतात. या प्रयोगशाळेत आर्द्रता राखण्याची सोय नव्हती, आणि मे महिन्यातील सोलापूरची दुपार त्याहून कितीतरी कोरडी असते. तिने एकाच लॉटचे सहा टॉवेल दांडीवर टांगले आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, सुट्या वगळून २२ दिवस, सकाळी दहाला आणि दुपारी तीनला त्यांचे वजन केले. आर्द्रता कळावी म्हणून शेजारी टांगलेल्या ओल्या आणि कोरड्या बल्बच्या थर्मामीटरचे आकडेही ती त्याच ओळीत लिहीत गेली. त्याच टॉवेलचे वजन कोरड्या दुपारी ४७५ ग्रॅम होते आणि पहिल्या पावसानंतर ४९७ पर्यंत गेले. नंतर तिने वादातील लॉटचा एक टॉवेल ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवला. तो ४५५ ग्रॅम भरला. कापसासाठी व्यवहारात धरला जाणारा साडेआठ टक्के ओलावा त्यात मिळवला की सुमारे ४९४ ग्रॅम होतात. सूत कमी नव्हते.

हे ऐकताना मला पत्र मिळाले असे वाटले. तरीही दोन ठिकाणी आम्हाला थांबावे लागले, आणि या प्रकरणातील कठीण निर्णय तेच होते.

पहिला निर्णय श्रेयाचा होता. श्री. प. यांना आठवत होते की ही कल्पना पूर्णपणे तिची. नोंदवहीत मात्र पहिल्या दिवसाच्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलेले होते की पॅकिंग खात्यातील एका जुन्या कामगाराने "पावसात माल जड होतो" असे सांगितले, म्हणून तपासणी सुरू केली. श्री. प. यांना वाटले की हे पत्रात घातले तर तिचे महत्त्व कमी होईल. माझे मत उलट होते. कामगार वर्षानुवर्षे जे म्हणत आले ते ऐकून घेणे, त्याची मोजणी मांडणे आणि कोणाचे ऐकले हे प्रामाणिकपणे लिहून ठेवणे, यांतून ती संशोधनाला लायक आहे हे अधिक दिसते. शिवाय मुलाखतीत तिला याविषयी विचारले गेले आणि तिने खरे तेच सांगितले, तर पत्र खोटे पडले असते. थोड्या चर्चेनंतर कामगाराचा उल्लेख राहिला.

दुसरा निर्णय आकड्याचा होता. "तिच्यामुळे नाकारला जाणारा माल निम्म्यावर आला," असे श्री. प. यांनी अगदी सहज सांगितले. वहीत माल घटल्याचे दिसत होते, पण त्याच तिमाहीत सुताचा पुरवठादार बदलला होता आणि दोन माग दुरुस्त झाले होते. घटीतील किती वाटा तिचा, हे कोणालाच सांगता आले नसते. आकडा वजनदार होता, म्हणूनच तो सोडून देणे त्यांना जड गेले. शेवटी त्यांनी स्वतःच ते वाक्य खोडले.

खरेदीदाराचे नाव आणि परत आलेल्या मालाची रक्कम या गोष्टीही वगळल्या. त्या कारखान्याच्या गोपनीय बाबी होत्या आणि त्यांच्यावाचून गोष्ट समजण्यात काही अडत नव्हते.

नव्या पत्रातील मुख्य परिच्छेद असा झाला :

"मे महिन्यात आमचे काही लॉट वजनात कमी भरत होते आणि मी लूपची उंची वाढवण्याची सूचना देणार होतो. कु. स. यांनी मला काही दिवस थांबण्याची विनंती केली. पावसाळ्यात माल जड होतो, असे पॅकिंग खात्यातील एका अनुभवी कामगाराने त्यांना सांगितले होते. त्यांनी सहा टॉवेलचे वजन आणि हवेची आर्द्रता २२ दिवस, दिवसातून दोनदा नोंदवली. त्याच टॉवेलच्या वजनात २२ ग्रॅमपर्यंत फरक पडतो, हे त्यावरून दिसले. नंतर वादातील लॉटचा एक नमुना वाळवून त्यांनी दाखवले की सुतात कमतरता नव्हती. मी सूचना दिली नाही. आमच्याकडे वजनाचा वाद आला की आता नमुना वाळवूनच निर्णय होतो. ही पद्धत त्यांनी लिहून दिलेल्या एका पानावर चालते."

यात "बुद्धिमान" हा शब्द नाही. "मी सूचना दिली नाही" हे वाक्य श्री. प. यांना आधी नको होते, कारण त्यातून त्यांची स्वतःची होऊ घातलेली चूक दिसते. पण साहेबाने सहायकाच्या आकड्यांवरून आपला निर्णय बदलला, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र त्या पत्रात दुसरे नव्हते. त्यांनी ते ठेवले, याचे मला कौतुक वाटले.

"संवादकौशल्य" या शब्दाच्या जागी एक छोटी गोष्ट आली. तपासणीच्या टेबलावरील बऱ्याच बायका शहराच्या पूर्वभागातील, घरी तेलुगू बोलणाऱ्या. दोषांच्या इंग्रजी नावांचा तक्ता भिंतीवर असूनही दोन पाळ्यांत एकाच दोषाला दोन नावे पडत. कु. स. स्वतः तेलुगू घरातली. तिने दोष असलेल्या टॉवेलचे खरे तुकडे पुठ्ठ्यावर टाचले आणि प्रत्येकाखाली बायका ज्या शब्दाने तो दोष ओळखतात तो शब्द लिहिला. त्यामुळे चुका किती कमी झाल्या, याची मोजणी कोणी केलेली नव्हती. म्हणून पत्रात एवढेच लिहिले की कु. स. यांची बदली प्रयोगशाळेच्या दुसऱ्या कामावर झाल्यानंतरही तो पुठ्ठा टेबलावर आहे आणि दुसऱ्या टेबलाने त्याची नक्कल करून घेतली आहे.

उणीव लिहावी की नाही, यावर सर्वाधिक वेळ गेला. "जबाबदारी वेळेत पूर्ण करतात" हे मसुद्यातील वाक्य खरे नव्हते. चाचण्या वेळेत होत, लेखी अहवाल मागे पडत, आणि पहिल्या वर्षी ते दोन-दोनदा मागावे लागत. वाक्य गाळले असते तरी चालले असते. पण पोर्टलवर शिफारसकर्त्याने भरायचा एक तक्ता होता, त्यात "लेखी मांडणी" या गुणापुढे श्रेणी द्यायची होती. मसुद्यासोबत श्री. प. यांनी सगळ्याच गुणांपुढे सर्वोच्च श्रेणीची खूण केली होती. सगळीकडे सर्वोच्च खूण असली की त्या खुणा वाचण्यासारख्या उरत नाहीत. म्हणून त्या एका गुणापुढे "चांगली" अशी श्रेणी दिली आणि पत्रात एक वाक्य घातले : पहिल्या वर्षी अहवाल उशिरा येत; दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतः एक पानी नमुना तयार केला आणि तेव्हापासून बहुतेक अहवाल त्याच आठवड्यात मिळू लागले.

तुलनेचे वाक्यही बदलले. "मी पाहिलेल्या सर्वोत्तमांपैकी एक" याऐवजी "चौदा वर्षांत माझ्या हाताखाली अकरा चाचणी सहायकांनी काम केले, न सांगता मोजणी मांडून दाखवणारे त्यांत दोनच होते, त्यांपैकी या एक" असे लिहिले. दुसरा कोण, असे मी विचारले नाही. पण ते आकडे असल्यामुळे वाक्याला तळ मिळाला.

पत्र दीड पानात बसले. ते कु. स. हिला दाखवले नाही. अर्जातच तिने पत्र पाहण्याचा हक्क सोडला होता. श्री. प. यांनी ते कारखान्याच्या कार्यालयीन ईमेलवरून, मुदतीच्या तीन दिवस आधी अपलोड केले.

## परिणाम

फेब्रुवारीत त्या विद्यापीठाने तिला ऑनलाइन मुलाखतीला बोलावले. नंतर तिने श्री. प. यांना सांगितले की वीस मिनिटांपैकी निम्म्याहून अधिक वेळ वजनाच्या प्रकरणावर गेला. सहा टॉवेल पुरेसे होते का, ते सगळे एकाच लॉटचे का घेतले, थर्मामीटर तपासून घेतला होता का, असे प्रश्न आले. शेवटच्या प्रश्नाला तिने "नाही" असे उत्तर दिले. तिला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली नाही.

जुने पत्र गेलेल्या विद्यापीठातून नकार आला. या दोन निकालांवरून पत्राचा परिणाम मोजता येत नाही. अभ्यासक्रम वेगळे होते, गुणांच्या अटी वेगळ्या होत्या, आणि निवड समित्या कारणे कळवत नाहीत. एवढेच म्हणता येते की मुलाखत घेणाऱ्यांनी पत्र वाचले होते आणि त्यांना विचारण्यासारखे काही त्यात सापडले होते.

## वेगळे काय करता आले असते

सर्वात मोठी चूक वेळेची होती. मसुदा माझ्याकडे आला तेव्हा एक पत्र आधीच गेलेले होते. कु. स. हिने सप्टेंबरमध्ये विचारले, तेव्हाच श्री. प. यांनी "लिहून आण" असे म्हणण्याऐवजी "कोणत्या कामाविषयी लिहावे असे तुला वाटते, त्याच्या तारखा आणि वहीची पाने दे" असे म्हटले असते, तर तिलाही संकोच वाटला नसता आणि त्यांच्या आठवणीलाही आधार मिळाला असता. स्वतःचे गुण लिहिण्यापेक्षा पानांचे क्रमांक देणे कोणालाही सोपे जाते.

वजनाच्या परिच्छेदात आम्ही ओव्हनचा आकडा दिला नाही, तो जास्त तांत्रिक होईल असे मला वाटले. वाचणारे वस्त्रतंत्राचे प्राध्यापक होते, हे मी विसरलो. ४५५ ग्रॅम हा आकडा आणि साडेआठ टक्क्यांचा हिशेब एका वाक्यात आला असता, तर तिची पद्धत पत्रातूनच त्यांना तपासता आली असती. कारखान्याबाहेरच्या माणसाने मसुदा पाहण्याचा हा तोटा आहे. सर्वसाधारण वाचकाला काय कळेल, एवढाच विचार मी करत राहिलो.

पॅकिंग खात्यातील त्या कामगाराला आपला उल्लेख पत्रात आहे हे सांगावे, असेही त्या वेळी कोणाला सुचले नाही. मार्चमध्ये कु. स. पेढे घेऊन कारखान्यात आली, तेव्हा तिनेच त्यांना ते सांगितले. पत्र तिने वाचले नव्हते, पण मुलाखतीत पहिलाच प्रश्न त्यांच्याविषयी होता.